गाण्यातले वाक्य कोठे मोडावे?

आमचे एक विद्वान स्नेही आहेत. इंग्रजी काव्याच्या अध्यापनात त्यांचे केस आमच्याप्रमाणेच पिकले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, ओळ ही केवळ कागदावरची सोय होय. अर्थाची वस्ती वाक्यात असते. तेव्हा वाक्य संपेपर्यंत ज्याला धीर धरवत नाही, त्या श्रोत्याच्या सोयीसाठी कवीने आपले वाक्य आखूड का करावे? या मताचा आम्ही आजवर कधी प्रतिवाद केला नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे : तेच आमचेही मत होते. वर्गात मिल्टन शिकविताना वाक्य ओळीचा काठ ओलांडून पुढच्या ओळीत कसे उतरते आणि त्याने पद्याला केवढा विस्तार येतो, हे आम्ही वर्षानुवर्षे रसभरित वर्णन करून सांगितले. ओळीगणिक थांबणारा कवी आम्हांस पावलागणिक काठी टेकणाऱ्या वृद्धासारखा वाटे, आणि हा दृष्टांत वर्गात नेहमी हशा मिळवी. गेल्या डिसेंबरात डिंभे येथे आम्ही जे ऐकले, त्यानंतर हा दृष्टांत देण्याचे धैर्य आमच्यात उरलेले नाही. आमच्या स्नेह्यांनी मात्र ती हकीकत ऐकूनही आपले मत तिळभर सोडले नाही, म्हणून हा लेख.

डिंभे हे आंबेगाव तालुक्यातील घोड नदीवरचे गाव. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते मूळ गाव येथील धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि त्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. पोटासाठी मुंबईस जाऊन गिरणीत लागलेले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात विलायती कापड घेऊन निघालेल्या मोटारीची वाट त्यांनी अडविली आणि तिच्याखाली त्यांचा अंत झाला. त्या तिथीस धरणाजवळच्या एका वाडीत देवळापुढे भजन होते. आमचा एक जुना विद्यार्थी त्या बाजूस शिक्षक आहे. त्याने या प्रसंगासाठी एक नवा अभंग रचला होता व तो ऐकावयास आम्हांस अगत्याने बोलाविले होते. रचना मोठ्या अभंगाची, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. कागदावर आम्ही ती आधी वाचली व निर्दोष म्हणून तिची पाठ थोपटली. तीत एक कडवे असे होते :

मागे हटला तो । नाही क्षणभरी । मोटारीसमोरी । राहिला तो ॥

डोळ्यांनी वाचणाऱ्याला यात काय खटकणार? डोळा 'हटला तो' पाशी पोहोचण्यापूर्वीच 'नाही' त्याच्या कोपऱ्यात शिरलेले असते. पण भजन डोळ्यांनी होत नाही. विणेकरी एक चरण सांगतो. समोरासमोरच्या दोन रांगांतले टाळकरी तो उचलतात. रंग भरला की तोच चरण पुन्हा घेतला जातो. आणि मग पुढचा. विणेकऱ्याने 'मागे हटला तो' म्हटले. टाळकऱ्यांनी 'मागे हटला तो' म्हटले. विणेकऱ्याने तोच चरण किंचित वरच्या सुरात घेतला, आणि वीस माणसांनी टाळांच्या गजरात, पखवाजाच्या साथीत, हुतात्म्याच्या पुण्यतिथीस, हुतात्म्याच्या तालुक्यात, तो मागे हटला असे चारदा ठणकावून सांगितले. सहा अक्षरांच्या या चरणाला अर्धा मिनिट सहज लागला असेल. त्यानंतर 'नाही क्षणभरी' आले. पण तोवर समोरच्या बैठकीत कुजबुज सुरू झाली होती, आणि महाळुंग्याहून आलेले एक वृद्ध गृहस्थ उठून बाहेर जाऊन बसले होते. भजन संपल्यावर आमचा विद्यार्थी त्यांची समजूत घालावयास गेला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले : "गुरुजी, आमचा बाबू मागं कवा हटला?"

विद्यार्थ्याने पुढचा चरण म्हणून दाखविला. वृद्धाने मान हलविली. पण ती पटल्याची मान नव्हती.

आमच्या स्नेह्यांच्या मते हा वृद्ध अडाणी. आमच्या मते त्या संध्याकाळी तेथे असलेल्या सर्वांत काव्य नीट ऐकणारा तोच एकटा होता. आपल्याकडच्या नैयायिकांनी वाक्यातून अर्थ निघण्यासाठी ज्या अटी घातल्या आहेत, त्यांतल्या दोन येथे नेमक्या लागू पडतात. एक आकांक्षा, म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची असलेली अपेक्षा. आणि दुसरी सन्निधी, म्हणजे ती पदे वेळ न दवडता एकापाठोपाठ उच्चारली जाणे. अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात सन्निधीसाठी दिलेले उदाहरण संस्कृताच्या विद्यार्थ्यांस आठवत असेलच : 'गाय' हे पद एका प्रहरी आणि 'आण' हे पद दुसऱ्या प्रहरी उच्चारले, तर त्यातून 'गाय आण' ही आज्ञा निघत नाही. भजनातली पुनरावृत्ती अगदी हेच करते. कागदावर 'तो' आणि 'नाही' यांच्यामध्ये एक उभी रेघ आहे. देवळात त्यांच्यामध्ये चार आवर्तने, वीस कंठ आणि पखवाजाची उठान आहे. सन्निधी तेथे तुटली. ती तुटूनही अर्थ वाचला असता, जर आकांक्षा जागी राहिली असती. कोणी 'रानामाळातुनी' एवढेच म्हणून थांबला, तर श्रोता विचारतो, रानामाळातुनी काय? तो थांबतो, चार आवर्तने थांबतो, आनंदाने थांबतो. पण 'मागे हटला तो' या चरणाला कर्ता आहे, क्रियापद आहे, दिशा आहे. त्याला कशाचीच उणीव नाही. श्रोत्याची आकांक्षा तेथे पुरी झाली, आणि पुरी झाली ती असत्याने. जो चरण अर्धा आहे तो वाट पाहावयास लावतो. जो चरण पुरा दिसतो पण पुरा नाही, तो फसवितो. या दोहोंत केवढे अंतर आहे ते आमच्या लक्षात यावयास वयाची पन्नाशी ओलांडावी लागली, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही.

आता हा दोष मराठीत विशेष घातक का ठरतो ते पाहा. आपल्या नित्याच्या बोलीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'तो गेला नाही', 'मी केले नाही', 'तिने सांगितले नव्हते' या सर्व वाक्यांचे शेपूट छाटले की उरलेले धड जिवंत राहते आणि नेमके उलट बोलते. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येतो. तेथे वाक्य मध्येच तुटले तर बहुधा ते लटकते, उलटत नाही. म्हणून ओळीपलीकडे वाहणाऱ्या वाक्याची इंग्रजी रीत जशीच्या तशी मराठी गाण्यात आणणाऱ्याने आपण काय उचलीत आहो याचा विचार करावयास हवा होता. तो आम्ही केला नाही आणि विद्यार्थ्यांस करू दिला नाही.

आमच्या जुन्या पदकारांजवळ मात्र याचे औषध होते. 'नलगे', 'नेणे', 'नये', 'न करी', 'न सोडी' ही रूपे अभंगवाङ्मयात पदोपदी भेटतात, आणि व्याकरणाच्या तासाला ती आम्ही 'जुनी रूपे' म्हणून पुढे ढकलतो. त्यांत नकार क्रियापदाच्या आधी बसलेला आहे, काही ठिकाणी तर त्याच्याशी सांधून एकजीव झालेला आहे. चरण कोठेही तोडा, नकार क्रियापदापासून सुटत नाही. ही रूपे केवळ अक्षरे जुळविण्यासाठी ठेवली गेली असे आम्ही समजत होतो. टाळकऱ्यांच्या तोंडी चरण पुन्हा पुन्हा जाणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या रूपांची खरी गरज काय होती ते आता आम्हांस दिसते.

विद्यार्थ्यास हे सांगताच त्याने त्याच रात्री, आमच्यासमोर बसून, कडवे बदलले :

मागे न सरला । क्षणभरी वीर । छातीवर भार । घेता झाला ॥

पहिला चरण सुधारला, यात शंका नाही. आम्ही पुन्हा पाठ थोपटणार, तोच देवळाच्या पायरीवर विडा लावीत बसलेले विणेकरीबुवा म्हणाले, "सर, दुसरा चरण नुसता म्हणून बघा." आम्ही म्हटला. 'क्षणभरी वीर'. म्हणजे क्षणापुरता वीर, नंतर कोण जाणे! 'क्षणभरी' हे पद मागच्या चरणातल्या क्रियापदाचे. पण चरण तुटताच त्याला शेजारी जे नाम सापडले त्याला ते चिकटले. क्रियाविशेषण आणि परके नाम यांना एका चरणात कोंडले की असे होते, आणि कवीच्या ते ध्यानात येत नाही, कारण त्याच्या मनात सबंध वाक्य सतत वाजत असते. विणेकरीबुवांच्या मनात वाक्य वाजत नव्हते. त्यांच्या मनात चरण वाजत होता. अक्षरशत्रू म्हणावे अशा त्या गृहस्थाने आमच्या पदवीला त्या रात्री दोनदा पाणी पाजले. दुसऱ्यांदा कसे, ते पुढे सांगतो.

शेवटी जे कडवे उभे राहिले ते असे :

मागे न सरला । पाऊलही एक । मातीचा तो लेक । ठाम राहे ॥

हे काव्य म्हणून फार उंच आहे असा आमचा दावा नाही. 'छातीवर भार' ही जिवंत प्रतिमा त्यात गेली, याची हळहळ विद्यार्थ्यास वाटली व आम्हांसही वाटते. पण एकेक चरण सुटा करून पाहा. 'मागे न सरला' : पुरे आणि खरे. 'पाऊलही एक' : अर्धे, पण 'ही' हा प्रत्यय श्रोत्याला मागे बोट दाखवितो, नकाराची आठवण देतो, खोटे काही सांगत नाही. 'मातीचा तो लेक' : केवळ नाम; ते कितीदाही घोळले तरी गौरवच वाढतो. 'ठाम राहे' : पुरे. यांतला एकच चरण व्याकरणाने स्वतंत्र वाक्य नाही असे नव्हे, दोन नाहीत. तरी चारही चरण एकेकटे उभे राहतात. प्रत्येक चरण पूर्ण वाक्य असावा अशी मागणी आम्ही करीत नाही. तसे केले तर गाणे म्हणजे सुविचारांची पाटी होईल. संबोधन, स्थळ, काळ, 'करूनि', 'जाऊनि' अशी धातुसाधिते यांवर चरण खुशाल तोडावा. ऐकणारा पुढे वाकतो. मात्र क्रियापद आणि नकार, 'चा-ची-चे' आणि त्याचे नाम, 'म्हणे' आणि कोण म्हणे ते पद, या जोड्या फोडताना कवीने आधी टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहून पाहावे.

आता विणेकरीबुवांचा दुसरा धडा. अभंगाचे ध्रुपद विद्यार्थ्याने 'ज्याने दिला प्राण । स्वदेशीच्यासाठी' असे योजिले होते. वाक्यरचनेच्या दृष्टीने ते सुबक होते. 'ज्याने' चा 'तो' पुढच्या कडव्यात येत होता. पण ध्रुपद हे पुढच्याच कडव्याशी बांधलेले नसते. ते प्रत्येक कडव्यानंतर परतते. तिसरे कडवे त्या दिवशीच्या गोऱ्या अधिकाऱ्याविषयी होते, आणि ते 'क्रूर मोठा' या शब्दांवर संपताच टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलले : 'ज्याने दिला प्राण'. गोऱ्या अधिकाऱ्याने स्वदेशीसाठी प्राण दिला! हे आमच्या कानावरून तसेच गेले होते. बुवांनी दाखविल्यावर हसावे की रडावे ते कळेना. संबंधी सर्वनाम हे दारात उभे असलेले पोर आहे. जो प्रथम येईल त्याचे बोट धरते. बुवांनी एका शब्दाने काम भागविले : 'ज्याने दिला' च्या जागी 'बाबू देई'. अक्षरे तितकीच, आणि ध्रुपद कोणत्याही कडव्यानंतर आले तरी आपल्या पायांवर उभे. पुढे घरी आल्यावर आम्ही माडगूळकरांच्या गीतरामायणातील ध्रुपदे या एकाच दृष्टीने तपासली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ही गीते सुरू झाली, आणि श्रोत्यास ती आधी मिळाली ती कानाने. भरताची समजूत घालणाऱ्या रामाच्या गीताचे ध्रुपद घ्या. ते एक स्वयंपूर्ण विधान आहे. मागचे कडवे कोणत्याही दृष्टांताचे असो, ते त्याचा निष्कर्ष म्हणून बसते. ते गीत आम्ही शेकडो वेळा ऐकले होते. हे कधी ऐकले नव्हते.

आमच्या स्नेह्यांचा एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. ते म्हणतात, हा सारा चाल लावणाऱ्याचा प्रश्न; गवयाने सहाच्या जागी बारा अक्षरांवर थांबावे म्हणजे झाले. त्या संध्याकाळी बुवांनी हा उपायही करून पाहिला होता. कुजबुज ऐकताच पुढच्या खेपेस त्यांनी 'मागे हटला तो नाही क्षणभरी' असे एका दमात घेतले. पण टाळकऱ्यांच्या कानांत सहा अक्षरांचा थांबा बसलेला. अर्धी रांग जुन्या जागी थांबली, अर्धी पुढे गेली, आणि पखवाजवाल्याने समेवर थाप दिली तेव्हा तिच्याखाली दोन निरनिराळे शब्द सापडले. जेथे कवी, चाल देणारा आणि गाणारा एका छताखाली असतात तेथे असे मोड सांधून घेता येतात. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने 'स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा खाडिलकरांची पदे आणि भास्करबुवा बखल्यांच्या चाली एकाच मंडळीत एकमेकींच्या अंगाला बसविता आल्या. भजनाचे तसे नाही. अभंग एकदा गावातून सुटला की प्रत्येक वाडीचे मंडळ त्याला आपली चाल लावते, आणि कवी आपला कागद घेऊन प्रत्येक वाडीत थोडाच जाणार? थांबा कोठेही पडला तरी अर्थ शाबूत राहील अशी तरतूद त्याला रचतानाच करावी लागते.

दुसरा आक्षेप ज्ञानेश्वरीचा. ज्ञानेश्वरांचे वाक्य एका ओवीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जाते; 'जैसे' एका ओवीत आणि 'तैसे' तीन ओव्यांनंतर, मग आम्ही कोण शहाणे? पण ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांत आपल्या परंपरेने पूर्वीच भेद केला आहे. ज्ञानेश्वरी वाचली जाते, तिच्यावर निरूपण होते. वाचक पुढे गेलेल्या ओवीवरून मागे येऊ शकतो. जात्यावरची ओवी हाताच्या फेऱ्याबरोबर पुढे जाते आणि परतते तीही पुनरुक्तीच्या रूपाने. हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळी भागापासून आरंभ करून एक लाखाहून अधिक अशा ओव्या जमविल्या. त्यांतल्या ज्या थोड्या आम्ही गाताना ऐकल्या, त्यांत आम्हांस आढळले ते असे की बाया 'ग बाई' किंवा 'सांगते बाई' असे शब्द जेथे घालतात तेथे वाक्याचा सांधाच असतो. ज्या बाईने ओवी रचली तिला व्याकरण कोणी शिकविले नव्हते. पण दगड ओढताना दम कोठे लागतो हे तिला माहीत होते, आणि तिने वाक्य तेथेच सैल सोडले.

तमाशातील लावणीकार हाच मोड जाणूनबुजून उलटा वापरतो. जुन्नरास जाताना नारायणगाव लागते. तमाशाचे ते माहेरघर. अर्धी ओळ अशी सोडावयाची की श्रोत्याने चावट अर्थ घेऊन शिटी मारावी, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत ती अगदी सोवळी करून श्रोत्यालाच लाजवावयाचे. तेथे फसवणूक हीच गंमत आहे. कवी फसवितो आहे आणि श्रोत्याला फसावयाचे आहे, हा करार उभयतांस मान्य असतो. हुतात्म्याच्या पुण्यतिथीस असा करार झालेला नव्हता.

राहता राहिले इंग्रजीचे प्रमाण, कारण आमच्या स्नेह्यांस तेच अधिक मान्य होईल. मिल्टनने आपले महाकाव्य वाचण्यासाठी लिहिले. दृष्टी गेल्यामुळे त्याने ते तोंडाने सांगितले, तरी ते कोणी समुदायाने गावे यासाठी नव्हते. त्याच शतकात इंग्लंडातील प्रार्थनामंदिरांत मात्र दुसराच प्रकार चालू होता. लोकांस वाचता येत नसे, म्हणून पुढारी स्तोत्राची एक ओळ म्हणे आणि मग सर्व मंडळी ती गात; नंतर दुसरी ओळ. १६४४ च्या धर्मसभेने तयार केलेल्या उपासनेच्या नियमावलीत या रीतीस मान्यताही मिळाली. म्हणजे आमचे भजनच, फक्त टाळ नाहीत! तेथे काय घडले? देव येईल आणि गप्प राहणार नाही, या अर्थाचे वाक्य असे मोडले की, देव येईल आणि येणार नाही, असे मंडळी आधी गात, आणि मग गप्प राहण्यास सांगत. ही थट्टा त्या देशात जुनी आहे. आयझॅक वॉट्स या स्तोत्रकाराने १७०७ च्या आपल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले आहे की, ओळीच्या मध्ये विराम क्वचितच येऊ दिला आणि ओळीच्या शेवटी तो क्वचितच वगळला, आणि हे या वाचून-गाण्याच्या रीतीशी जुळवून घेण्यासाठी केले. ती रीत त्याला आवडत होती असे नाही; तो तिला दुर्दैवी म्हणतो. तरी मंडळींच्या तोंडी अर्धवट वाक्य जाऊ नये म्हणून त्याने आपली लेखणी आवरली. आम्ही वॉट्सला वर्गात बाळबोध म्हणून सोडून देत आलो.

विद्यार्थ्याचे परवा पत्र आले. अभंगात पाण्याखाली गेलेल्या आंबेगावावर एक कडवे वाढविले आहे, ते तपासून द्यावे, अशी विनंती आहे. त्यातला पहिला चरण 'पाण्यात बुडाले' असा आहे, आणि काय बुडाले ते तिसऱ्या चरणात कळते. आम्ही त्यास उत्तर पाठविले की, कडवे आमच्याकडे पाठवू नये. बुवांकडे न्यावे, चारही चरण वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट क्रमाने म्हणून दाखवावेत, आणि प्रत्येक चिठ्ठीनंतर ते काय समजले हे विचारून घ्यावे.